लोकेशनचा बिंदू रस्ता का ओलांडतो

«उंच इमारतींमध्ये जीपीएसचा सिग्नल कमजोर होतो, म्हणून लोकेशन उड्या मारतं. फोन हवेत आठच्या आकारात फिरवा आणि दोन मिनिटं एका जागी उभे राहा. लोकेशन आपोआप अचूक होईल.»

या सल्ल्यातलं सिग्नल कमजोर होतो हे खरं. पण तेवढ्याने बिंदू जागच्या जागी थोडा थरथरेल, थेट समोरच्या फुटपाथवर जाणार नाही. खरा घोळ भिंतीवर आपटून आलेल्या सिग्नलचा आहे. सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून फोन उपग्रहाचं अंतर काढतो. वळसा घेतलेला सिग्नल उशिरा पोचतो, म्हणून उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो. हीच मल्टिपाथ त्रुटी.

समजा, तुम्ही एका इमारतीला पाठ लावून उभे आहात आणि समोर 15 मीटरवर काचेची उंच भिंत आहे. उपग्रह बरोबर तुमच्या मागच्या दिशेला, क्षितिजापासून 45 अंश वर आहे. मागच्या इमारतीने थेट सिग्नल अडवला, पण तिच्या माथ्यावरून गेलेला सिग्नल समोरच्या काचेवर आपटून तुमच्यापर्यंत आला. जादा अंतर 2 × 15 × cos 45°, म्हणजे सुमारे 21 मीटर. वेळेत फरक जेमतेम 70 नॅनोसेकंदांचा, पण फोन बिंदूला उपग्रहापासून दूर, म्हणजे रस्त्यापलीकडे ढकलतो. रस्त्याच्या लांबीच्या दिशेला आकाश मोकळं असतं, त्यामुळे चूक बहुधा आडवीच होते. आणि चार पावलांवर एक उपग्रह झाकला जाऊन दुसरा दिसू लागला, की गणित एकदम बदलतं. ती उडी.

आठचा आकार काढल्याने फोनमधला होकायंत्राचा सेन्सर जुळतो. नकाशावरचा बाण नीट दिशा दाखवेल, जागेत काही फरक पडणार नाही.

उभं राहण्याचा सल्ला तर चक्क उलटा. जीपीएस उपग्रहाला एका फेरीला सुमारे 12 तास लागतात. दोन मिनिटांत तो फारसा हलत नाही, तुम्हीही नाही, म्हणजे परावर्तनही तेच. बिंदू शांत होतो खरा, पण चुकीच्या जागी. चालत राहिलात तर चूक बदलत राहते आणि विसंगत मोजमापं वगळणं फोनला सोपं जातं.

खरा उपयोग चौकात किंवा मोकळ्या बाजूला सरकण्याचा आणि L5 ही जीपीएसची दुसरी फ्रिक्वेन्सी पकडणाऱ्या फोनचा. L1 या मूळ फ्रिक्वेन्सीवरच्या नेहमीच्या नागरी संकेताचा एक तुकडा सुमारे 293 मीटर लांबीचा, तर L5 वरचा जेमतेम 29 मीटरचा, त्यामुळे थेट आणि परावर्तित सिग्नल वेगळे काढणं सोपं होतं. तुमचा फोन L5 घेतो का, ते अँड्रॉइडवर GPSTest ॲपमध्ये दिसतं. तिथेच आणखी एक खूण सापडते: बराच वर असलेल्या उपग्रहाचा C/N0, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद, मोकळ्यावर 40 च्या पुढे आणि इमारतींमध्ये 25 च्या आसपास असेल, तर थेट वाट अडल्याचा संशय घ्यावा.

मात्र वरच्या उदाहरणासारखा थेट सिग्नल मुळात आलाच नसेल, तर L5 सुद्धा फसतो. तिथे इमारतींच्या त्रिमितीय नकाशावरून कोणता उपग्रह झाकला आहे, हे ताडणारं सॉफ्टवेअरच कामी येतं.