चौदाचा आकडा काळ्या दगडावरची रेघ नव्हे

"आरएसआय 14 आणि एमएसीडी 12-26-9 ही जगभर सिद्ध झालेली सेटिंग आहेत. शेअर असो, निफ्टी असो वा सोने, चार्ट पाच मिनिटांचा असो वा आठवड्याचा, आकडे बदलू नका. 70 च्या वर विका, 30 च्या खाली घ्या. सेटिंग बदलणारा तोट्यातच जातो. सगळे हेच आकडे वापरतात, म्हणूनच ते चालतात."

हा मजकूर सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुताचा व्यवसाय सांभाळून तो सकाळी निफ्टीत सौदे करतो. बाजार वर उघडला की 9:20 ला आरएसआय, म्हणजे अलीकडच्या वाढी-घटीचे प्रमाण 0 ते 100 मध्ये दाखवणारा निर्देशक, 70 च्या वर दिसतो, तो विकून बसतो आणि निर्देशांक चढतच राहतो. "मामा, नियम तर पाळला होता," असे तो म्हणाला, तेव्हा या मजकुराचा समाचार घेणे मला भाग पडले.

आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी 1978 साली मांडला, तो दैनंदिन बंद भावांवर. त्यातले 14 म्हणजे 14 दिवस. पाच मिनिटांच्या चार्टवर त्याच 14 चा अर्थ 70 मिनिटे होतो, आणि गोंधळ नेमका तिथे सुरू होतो, कारण काल 3:30 ते आज 9:15 या सगळ्या काळातला बदल पाच मिनिटांच्या एकाच कँडलमध्ये, म्हणजे चार्टवरच्या एकाच पट्टीत मोजला जातो.

हिशेब करून पाहू. समजा काल बाजार बंद होताना सरासरी वाढ 10 अंश आणि सरासरी घट 10 अंश होती, म्हणजे आरएसआय 50. आज पहिली कँडल 200 अंश वर बंद झाली. वाइल्डर यांच्या पद्धतीने जुन्या सरासरीला 13 ने गुणायचे, नवा बदल मिळवायचा आणि 14 ने भागायचे. वाढीची सरासरी 330 भागिले 14, म्हणजे 23.6 होते, घटीची 130 भागिले 14, म्हणजे 9.3. वाढीच्या सरासरीला दोन्हींच्या बेरजेने भागून 100 ने गुणले की आरएसआय निघतो जवळपास 72. पाच मिनिटांपूर्वी जो बाजार समतोल होता तो "ओव्हरबॉट", म्हणजे अती खरेदी झालेला ठरला, आणि तोही केवळ एका गॅपमुळे, म्हणजे कालचा बंद आणि आजची सुरुवात यांतल्या उडीमुळे. शिवाय त्या एका कँडलचा प्रभाव निम्म्यावर यायला नऊ-दहा कँडल, म्हणजे सुमारे पाऊण तास लागतो. त्या वेळात 70 ची रेषा पाहून विकणारा माणूस बाजाराचा थकवा मोजत नसतो. तो सकाळची गॅपच पुन्हा मोजत असतो.

आता लांबी, म्हणजे तो 14 चा आकडा, चौपट, म्हणजे 56 करून पाहा. सत्रातल्या 75 कँडलपैकी तो साधारण पाऊण भाग झाला. त्याच गॅपनंतर आरएसआय 58 च्या आसपास येतो. मात्र लांबी वाढवली की आरएसआय 50 च्या जवळ घुटमळतो आणि 70-30 क्वचितच गाठतो, म्हणून पातळ्याही आत आणाव्या लागतात. लांबी चौपट केली की 50 पासूनचे अंतर साधारण निम्मे करावे, म्हणजे 60 आणि 40. लांबी बदलून पातळ्या तशाच ठेवणारे लोक संकेतच येत नाहीत म्हणून वैतागतात आणि पुन्हा 14 वर येतात.

सोन्याबद्दलचा दावाही टिकत नाही. पंधरा मिनिटांच्या चार्टवर 14 कँडल म्हणजे साडेतीन तास. एनएसईच्या सव्वासहा तासांच्या सत्रात तो निम्म्याहून अधिक भाग आहे. सोन्याचे सौदे होणाऱ्या, सकाळी 9 ते रात्री 11:30 किंवा त्याही पुढे चालणाऱ्या एमसीएक्स या बाजारात तो पाव भागही नाही. त्यातही सोन्याची मोठी हालचाल बहुधा संध्याकाळी, अमेरिकेतले व्यवहार सुरू झाल्यावर होते. दुपारच्या निवांत कँडलच्या सरासरीसमोर तेव्हाचा पहिलाच धक्का अवाजवी मोठा दिसतो.

एमएसीडी, म्हणजे भावाच्या दोन सरासऱ्यांमधला फरक दाखवणारा निर्देशक, याविषयी एवढेच सांगतो की तो मांडणाऱ्या जेराल्ड अ‍ॅपल यांनीच खरेदीसाठी 8-17-9 आणि विक्रीसाठी 12-25-9 असे वेगवेगळे आकडे सुचवले होते.

"सगळे वापरतात म्हणून चालते" यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. भरपूर उलाढालीच्या शेअरच्या दैनंदिन चार्टवर अनेकांची नजर एकाच आकड्यावर असते, आणि तिथे 14 बदलण्याचे मला कारण दिसत नाही.

बदलणारे तोट्यात जातात ही तक्रार खरे तर मागचा डेटा पाहून आकडा शोधणाऱ्यांना लागू पडते. लांबी नफ्यावरून ठरवू नये. आपण सौदा किती वेळ ठेवणार हे आधी ठरवावे, त्या वेळेच्या कँडल मोजाव्यात आणि त्यावरून लांबी घ्यावी. मग शेजारचे आकडे तपासावेत. 56 चांगले दिसले, तर 48 आणि 64 लाही निकाल साधारण तसाच यायला हवा. फक्त 56 लाच नफा दिसत असेल, तर तो योगायोग समजून सोडून द्यावा. ही तपासणी ज्या महिन्यांवरून लांबी ठरवली त्यांच्यावर न करता वेगळ्या महिन्यांवर करावी, आणि प्रत्येक सौद्याची दलाली व कर वजा करूनच निकाल पाहावा.