बेंडर्समधून कट काढले तर उरते काय?

> "बेंडर्स डिकंपोझिशन म्हणजे फार काही नाही. आधी स्वस्त गोदामे निवडा, मग वाहतुकीचा एलपी सोडवा. प्रश्न तोडला की बेस्ट उत्तर जातेच, जवळपासचे मिळते. सबप्रॉब्लेम इन्फिझिबल आला तर ते कॉम्बिनेशन बाद करा, नाहीतर टंचाईला मोठी पेनल्टी लावा. फिझिबिलिटी कट शिकण्याची गरज नाही. आणि आजचे सॉल्व्हर असताना १९६२ ची पद्धत वापरतो कोण?"

हा मजकूर माझ्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरतो आहे. तिने त्यावर विश्वास ठेवून प्रोजेक्टच्या कोडमधला फिझिबिलिटी कटचा सगळा भाग काढून टाकला आणि तिथे एक पेनल्टी लावली. मग मॉडेल एकही गोदाम न उघडता "ऑप्टिमल" सांगू लागले, तेव्हा तिचा मला फोन आला. सहा वाक्यांत इतके चुकीचे सांगून मुलांचे सबंध सेमिस्टर वाया घालवणे मला सहन होत नाही, म्हणून कागद-पेन्सिलने तपासता येईल असे एक उदाहरण घेऊनच उत्तर देतो.

एका शहराला ८० टन माल हवा आहे. चार गोदामे भाड्याने मिळू शकतात. सगळे आकडे हजार रुपयांत आहेत.

अ: भाडे २००, क्षमता ६० टन, वाहतूक टनाला १
ब: भाडे १२०, क्षमता ५० टन, वाहतूक टनाला ३
क: भाडे १००, क्षमता ४० टन, वाहतूक टनाला ४
ड: भाडे ९०, क्षमता ३० टन, वाहतूक टनाला २

बेंडर्स डिकंपोझिशन मोठा प्रश्न मास्टर आणि सबप्रॉब्लेम अशा दोन भागांत तोडते, आणि सबप्रॉब्लेमकडून मास्टरला परत मिळणाऱ्या अटींना कट म्हणतात. कोणते गोदाम घ्यायचे हा हो-नाहीचा निर्णय आहे, तो मास्टरकडे जातो. कुठून किती टन पाठवायचे हा सलग आकड्यांचा निर्णय आहे, तो सबप्रॉब्लेमकडे, म्हणजे फॉरवर्डमधल्या एलपीकडे, ज्यात खर्च आणि अटी दोन्ही रेषीय असतात. इथपर्यंत फॉरवर्ड करणाऱ्याशी भांडण नाही.

आता त्याच्या "आधी-मग" पद्धतीने जाऊन बघू. ८० टन पुरवणारी सगळ्यांत कमी भाड्याची जोडी ब आणि ड, भाडे २१०. वाहतुकीला ड चे ३० टन दोनने आणि ब चे ५० टन तीनने, म्हणजे आणखी २१०. एकूण ४२०, आणि त्याच्या मते काम संपले. पण अ आणि ड घेतले तर भाडे २९० आणि वाहतूक १००, एकूण ३९०. जास्त भाड्याची जोडी एकूणात स्वस्त पडते. वाहतुकीकडून मास्टरला काहीच कळवले नाही, तर मास्टरला हे समजणार कुठून? ते कळवण्याचे काम कट करतात. तेच काढून टाकल्यावर त्या पद्धतीला बेंडर्सचे नाव देण्यात अर्थ नाही.

खऱ्या पद्धतीत पहिल्या फेरीला मास्टरला वाहतुकीची काहीच माहिती नसते. वाहतूक खर्चासाठी त्याच्याकडे θ हे एक चल असते आणि ते शून्याच्या खाली जात नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. साहजिकच तो काहीच उघडत नाही, खर्च शून्य. सबप्रॉब्लेम इन्फिझिबल येतो, म्हणजे मागणी भागवणारे उत्तरच नसते. इथे ड्युअल, म्हणजे मागणी आणि क्षमतेच्या प्रत्येक टनाची किंमत ठरवणारा जोडप्रश्न, अनबाउंडेड असतो आणि तो ज्या दिशेने अनंताकडे पळतो त्या दिशेला फार्कस रे म्हणतात. आपल्या उदाहरणात ती दिशा "मागणीवर १, प्रत्येक क्षमतेवर १" अशी आहे. तिच्यातून मास्टरला मिळणारी अट, गोदाम घेतले तर त्याचे अक्षर १, नाहीतर ०:

६०अ + ५०ब + ४०क + ३०ड ≥ ८०

हाच फिझिबिलिटी कट, आणि सगळ्यांत घातक सल्ला याच्याबद्दलचा आहे. कॉम्बिनेशन बाद करत गेलात तर काय होते ते बघा. "काहीच नाही" बाद केले की मास्टर भाड्याच्या चढत्या क्रमाने एकटा ड आणेल (९०), मग एकटा क (१००), एकटा ब (१२०), क-ड (१९०, क्षमता ७०), एकटा अ (२००). यातले एकही पुरेसे नाही. सहा फेऱ्या फुकट गेल्यावर सातवीला ब-ड येईल. वरचा एक कट तीच सहाही कॉम्बिनेशन एका झटक्यात उडवतो, न बघताच. चार गोदामांत फरक सहा आणि एक इतकाच आहे. चाळीस गोदामे असतील तर बाद करण्याची यादी लाखो-कोटींत जाते, कारण त्या यादीतली प्रत्येक ओळ फक्त एका कॉम्बिनेशनबद्दल बोलते.

पेनल्टीचे म्हणणे अर्धे खरे आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. टंचाईची खरी किंमत माहीत असेल, बाहेरून महाग माल घेऊन गरज भागवता येत असेल, तर ती किंमत मॉडेलमध्ये घालावीच. मग सबप्रॉब्लेम कधी इन्फिझिबल होत नाही आणि फिझिबिलिटी कटची गरजही राहत नाही. पण फॉरवर्डमध्ये खऱ्या किमतीचा पत्ता नाही, नुसते "मोठी" म्हटले आहे. आमच्या आकड्यांत टनाला ४ पेनल्टी लावली तर सगळे बंद ठेवून ३२० त भागते, ते ३९० पेक्षा स्वस्त. भाचीच्या मॉडेलने नेमके हेच केले होते. मग घाबरून १०,००,००० लावली, तर पहिल्याच फेरीच्या कटमध्ये अ चा गुणक सहा कोटींच्या घरात जातो. गुरोबी आणि सीप्लेक्स या सॉल्व्हरमध्ये पूर्णांक मानण्याची डीफॉल्ट सूट ०.००००१ असते, म्हणजे ०.९९९९९ ला तो १ समजतो. त्या सुटीला सहा कोटींनी गुणा: ६००. अख्ख्या प्रश्नाचे उत्तर ३९० आणि एका चलाच्या गोलाईत ६०० चा फरक लपू शकतो! असे उत्तर कुणाच्या हातात देणार?

पुढच्या फेऱ्या. कट घातल्यावर मास्टर ब-ड निवडतो, खालची मर्यादा २१०. सबप्रॉब्लेम सुटतो, एकूण ४२०, ही वरची मर्यादा. शहराची मागणी एक टनाने कमी असती तर ब कडून येणारा टन वाचला असता, म्हणजे ३. तेव्हा शहरात टनाची किंमत ३ धरली, तर अ च्या क्षमतेचा प्रत्येक टन २ वाचवू शकतो, ड चा १, ब आणि क काहीच नाही. त्यावरून ऑप्टिमॅलिटी कट:

θ ≥ २४० − १२०अ − ३०ड

ब-ड साठी ही ओळ बरोबर २१० देते. पण तिचा उपयोग तेवढाच नाही. ड्युअलच्या अटींमध्ये कोणते गोदाम उघडे आणि कोणते बंद हे येतच नाही, ते फक्त उद्दिष्टात येते. त्यामुळे एका निवडीसाठी काढलेल्या ड्युअल किमती सर्व सोळा निवडींसाठी चालतात आणि प्रत्येकीच्या वाहतूक खर्चाची खात्रीची खालची मर्यादा देतात. अ-ड साठी ही ओळ ९० म्हणते, खरा खर्च १०० आहे. कमी सांगेल, पण जास्त कधीच सांगणार नाही. "बेस्ट उत्तर जाते" याचे उत्तर इथे आहे: कट कुठलेही चांगले उत्तर कापत नाही, म्हणून ते हरवू शकत नाही.

मास्टर आता अ-ड आणतो: २९० अधिक ९०, खालची मर्यादा ३८०. सबप्रॉब्लेम १०० देतो, वरची मर्यादा ३९०. इथे अ पूर्ण भरले आहे आणि ड मध्ये जागा शिल्लक आहे, म्हणून टनाची किंमत २ आणि नवा कट θ ≥ १६० − ६०अ. मास्टर पुन्हा सोडवला की पुन्हा अ-ड, ३९०. दोन्ही मर्यादा जुळल्या. सोळा निवडींपैकी तीनच प्रत्यक्ष तपासल्या, आणि उरलेल्यांत ३९० पेक्षा स्वस्त काही नाही याचा पुरावा हातात आला. हे "जवळपासचे" उत्तर नव्हे.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा, कारण पुस्तकी उदाहरणांत तो सुटतो. ब-ड ची क्षमता नेमकी ८० आहे. त्यामुळे तिथे टनाची किंमत ३ घ्या, ४ घ्या की १० घ्या, सगळ्या ड्युअल उत्तरांची किंमत २१० च येते. पण ४ ने अ-ड साठी ९० ऐवजी ८० मिळतात, आणि १० घेतली तर जेमतेम २०. सॉल्व्हर यातली कोणतीही किंमत देऊ शकतो. कोणता कट निवडावा यावर मॅग्नांटी आणि वाँग यांनी १९८१ मध्ये काम केले. नुसती मूळ पद्धत मोठ्या प्रश्नांवर रेंगाळते, खालची मर्यादा शेवटी मुंगीच्या गतीने चढते, हेही खरे आहे.

"वापरतो कोण" याला जेफ्रिअन आणि ग्रेव्हज यांचा १९७४ चा शोधनिबंध पुरे. हंट-वेसन फूड्स या अमेरिकन कंपनीसाठी त्यांनी वितरण केंद्रे ठरवली: १७ प्रकारचा माल, १४ कारखाने, ४५ संभाव्य केंद्रे, १२१ ग्राहक विभाग. केंद्रे आणि कोणता ग्राहक विभाग कोणत्या केंद्राकडे हे पक्के केले की सबप्रॉब्लेमचे १७ सुटे वाहतूक प्रश्न होत आणि ते वेगळे वेगळे सोडवता येत. अगदी मोजक्या कटांत जवळजवळ ऑप्टिमल उत्तर पुराव्यासह मिळाले. तेव्हाच्या संगणकांवर. आणि आजच्या सॉल्व्हरबद्दल म्हणाल तर सीप्लेक्समध्ये १२.७ आवृत्तीपासून बेंडर्स आतच दिलेले आहे. चार गोदामांचा प्रश्न थेट सॉल्व्हरला द्यावा, हे मीही सांगेन. हजारो परिस्थिती एकदम धरायच्या असतील तेव्हा ते अनेकदा जमत नाही.

भाचीला कोडसाठी एवढेच सांगितले. गुरोबीमध्ये `InfUnbdInfo` ला १ दे, म्हणजे इन्फिझिबल सबप्रॉब्लेममधून `FarkasDual` वाचता येईल. प्रत्येक फिझिबिलिटी कटमध्ये सध्याची निवड टाकून बघ, ती अट मोडलीच पाहिजे. ऑप्टिमॅलिटी कटमध्ये टाकली की सबप्रॉब्लेमचाच खर्च आला पाहिजे. खालची मर्यादा कधी उतरली किंवा वरच्या मर्यादेच्या पुढे गेली, तर चिन्हाची चूक शोध. आणि पुढे कुणी "माल पूर्ण ट्रकनेच जाईल" अशी अट घातली, तर ट्रकची संख्या पूर्णांक होते आणि एलपीचे ड्युअल सबप्रॉब्लेमचा खरा खर्च सांगत नाहीत. कट खोटे ठरत नाहीत, पण दोन मर्यादांमध्ये फट राहू शकते. त्यासाठी लापोर्त आणि लुव्हो यांच्या १९९३ च्या पूर्णांक कटांसारखे वेगळे कट लागतात.