झडप डोळ्याला, कान उघडेच

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकती झडप लावून निर्धास्त झालेल्यांपैकी मीही एक. झडपेशी माझं भांडण नाही. प्लास्टिकचा तो तुकडा कुठलंही सॉफ्टवेअर सरकवू शकत नाही. कॅमेऱ्याशेजारच्या दिव्यावर मात्र इतका विश्वास नको. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या मॅकबुकच्या कॅमेऱ्यातलं फर्मवेअर बदललं आणि दिवा न लागताच चित्रण करून दाखवलं.

पण झडप अडवते ते फक्त चित्र. माझ्या कॅमेऱ्याला दिवसभर काय दिसणार? कंटाळलेला एक चेहरा. मायक्रोफोनला मात्र बँकेशी झालेलं बोलणं, डॉक्टरांचा फोन, शेजारच्या खोलीतला वाद, सगळं ऐकू जातं. आणि त्याला झडप नाही.

"माइक बंद करायचं बटण आहे की!" असं मीही म्हणायचो. मग एकदा लिनक्सवर करून पाहिलं. बटण दाबलं, लाल दिवा लागला. मग टर्मिनलमध्ये हे टाकलं:

```
amixer set Capture cap
arecord -d 5 -f cd test.wav
```

बटणाला हात न लावता दिवा विझला आणि पाच सेकंदांचा माझा आवाज फाइलमध्ये. अ‍ॅडमिनचा पासवर्डसुद्धा लागला नाही. म्हणजे ते बटण तार तोडत नाही, आवाज बंद ठेवण्याची विनंती करतं. तीच विनंती दुसरा प्रोग्राम मागे घेऊ शकतो. हेडफोनच्या भोकात रिकामी पिन खुपसण्याचा उपायही बहुतेक नव्या लॅपटॉपवर याच जातीचा. कुठला माइक वापरायचा हे तिथेही सॉफ्टवेअरच ठरवतं.

खरा स्विच म्हणजे वीजपुरवठा किंवा सिग्नल तोडणारा. फ्रेमवर्क आणि प्युरिझमच्या लॅपटॉपवर तसे असतात. आपल्याकडचा स्विच कसला आहे हे पाहायचं तर तो बंद करा आणि सॉफ्टवेअरमधून माइक चालू करून रेकॉर्डिंग करा. आवाज आला, तर ते नुसतं बटण.

तार तुटली तरी एक फट राहतेच. २०१६ मध्ये बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी रिअलटेकच्या ऑडिओ चिपमधला आउटपुट जॅक सॉफ्टवेअरने इनपुट करून साध्या हेडफोनमधून बोलणं टिपलं होतं. माझ्या मते रोजच्या धोक्यांत हे फार खालचं. लॅपटॉपमध्ये शिरलेला माणूस आधी पासवर्ड आणि फाइली नेईल, त्याला ना झडप अडवते ना स्विच.

मग मी झडप कशासाठी ठेवली? स्वतःच्या चुकांसाठी. मीटिंग उघडली की कॅमेरा आपोआप चालू होतो, तेव्हा बनियनवर बसलेल्या माणसाला तीच वाचवते. आतला माइक मी बायोसमधून बंद केलाय. बोलायचं असलं की यूएसबी माइक जोडतो, झालं की उपटतो. तो जोडायला विसरून मी दोन मीटिंगांत बराच वेळ एकटाच बोलत बसलो होतो.