अप्रेझल फॉर्म तपासताय? आधी रेटिंगच्या रकान्यावर कागद ठेवा

मार्च संपला की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिथं जाल तिथं एचआरच्या टेबलावर अप्रेझल फॉर्मचा गठ्ठा पडलेला असतो. विभागप्रमुखांनी तो भरून दिलेला असतो आणि "जरा नजर टाका, मग सहीला पाठवू" असा निरोप असतो. नजर टाकायची म्हणजे लोक काय करतात, तर ऱ्हस्व-दीर्घ बघतात, स्पेलिंग बघतात, एखादा सुटलेला पूर्णविराम टाकतात. माझ्या मते हे काम सगळ्यात शेवटचं. फॉर्ममध्ये "समन्वय" चुकीचा लिहिला म्हणून कुणाची पगारवाढ अडत नाही. फॉर्मची दोन पानं एकमेकांशी भांडत असली की मात्र अडते.

नमुना म्हणून एक फॉर्म घेऊ. फाउंड्रीतल्या कोअर शॉपचा, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागाचा, शिफ्ट सुपरवायझर, आडनाव पाटील (आपल्याकडे दुसरं असणार तरी काय!). रकाने चार: उत्पादनाला भार ४० आणि रेटिंग ४, गुणवत्तेला ३० आणि ३, टीमला २० आणि ४, सुरक्षिततेला १० आणि ४. खाली एकूण लिहिलंय ४.३०. शेरे असे: "गुणवत्तेत घसरण झाली आहे, अधिक लक्ष द्यावे." बलस्थानांत: "गुणवत्तेबाबत अत्यंत दक्ष." टीमपुढे: "शिफ्ट बदलताना पुढच्याला माहिती नीट देत नाहीत, समन्वय वाढवणे गरजेचे. सहकाऱ्यांना सांभाळून घेते."

वरवर वाचलं तर फॉर्म ठीकच वाटतो. आता नीट बघू.

पहिल्यांदा माणूस तोच आहे ना, हे बघायचं. नावावरून नाही, एम्प्लॉयी कोडवरून. एकाच विभागात एस. एस. पाटील दोन निघतात, आणि फॉर्म एकाचा, हजेरी दुसऱ्याची असा घोळ तिथंच होतो. मास्टर शीट शेजारी उघडून कोड, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, हुद्दा, विभाग, रुजू झाल्याची तारीख आणि मूल्यमापनाचा कालावधी हे सहा रकाने बोट ठेवून जुळवायचे. यातल्या दोन जागा हमखास दगा देतात. एक म्हणजे कोड. एक्सेलमध्ये साधा आकडा म्हणून टाकला की पुढचा शून्य उडतो, ०४१७ चा ४१७ होतो आणि शोधल्यावर सापडत नाही. त्यासाठी तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायचा. दुसरी जागा तारीख. ०४/०३ म्हणजे आपल्याला ४ मार्च, पण संगणकाची सेटिंग अमेरिकन असली तर तो त्याला ३ एप्रिल समजतो. ४ मार्चला रुजू झालेला माणूस मागच्या वर्षात बसतो आणि ३ एप्रिलचा चालू वर्षात, म्हणजे वाढ पूर्ण वर्षाची की नाही हा प्रश्न तिथंच उभा राहतो. महिना अक्षरात लिहिला की हा विषयच संपला.

हुद्दाही बघा. वर्षाच्या मध्ये बढती झाली असेल तर जुन्या हुद्द्याची उद्दिष्टं आणि नव्या हुद्द्याचं नाव असा जोड फॉर्मवर दिसतो.

आता त्या "सांभाळून घेते" कडे येऊ. अख्ख्या फॉर्ममध्ये "देत नाहीत", "करतात" असं आदरार्थी चाललंय आणि मध्येच ही "घेते". हे वाक्य दुसऱ्या कुणा बाईंच्या फॉर्मवरून उचललंय, यात शंका नको. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं, त्यामुळे कॉपी-पेस्टची चोरी इथं लगेच पकडली जाते. इंग्रजी फॉर्ममध्ये नुसता "ही" आणि "शी" बदलला की भागतं, आपल्याकडे भागत नाही. आणि म्हणून काहीजण फाइंड-रिप्लेस मारतात: "तो" शोधा, तिथं "ती" टाका. मग "करतो" चं "करती" होतं आणि "तोडगा" चा "तीडगा". "ती काम करती" आपल्या कोल्हापुरात बोलताना कुणाला खटकायचं नाही, पण "तीडगा काढला" वाचून कागलपर्यंत हसू जाईल. अशी दुरुस्ती हातानेच करायची. त्याआधी विभागप्रमुखांना विचारायचं, की हे वाक्य या माणसाबद्दल खरं आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "अरे, ते राहिलं होय, काढून टाक."

दुसरी फेरी आकड्यांची. ४० गुणिले ४ म्हणजे १६०, ३० गुणिले ३ म्हणजे ९०, २० गुणिले ४ म्हणजे ८० आणि १० गुणिले ४ म्हणजे ४०. बेरीज ३७०, भागिले १००, उत्तर ३.७०. फॉर्मवर आहे ४.३०. फरक बरोबर ०.६० चा आहे, आणि ३० भाराच्या रकान्यात दोन गुण हलले की नेमका एवढाच फरक पडतो. म्हणजे गुणवत्तेला आधी ५ दिले होते, नंतर खोडून ३ केले आणि एकूण तसंच राहिलं, असा दाट संशय घ्यायला जागा आहे. एकूण हाताने टाइप केलं की हे होणारच. त्या चौकटीत सूत्र ठेवा, भार B मध्ये आणि रेटिंग C मध्ये असतील तर:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

पण कुठला आकडा खरा, ते आपण ठरवायचं नाही. ४.३० बरोबर असेल आणि ३ च चुकून पडला असेल, असंही होऊ शकतं. तपासणाऱ्याने आकडा परस्पर बदलला की तो तपासणारा राहिला नाही, साहेब झाला. शेजारी पेन्सिलीने प्रश्न लिहायचा आणि फॉर्म परत पाठवायचा.

तिसरी फेरी शेऱ्यांची, आणि शीर्षकातला कागद इथं लागतो. रेटिंगचा रकाना झाकायचा, फक्त शेरा वाचायचा आणि या वाक्यावरून आपण किती दिले असते तो आकडा वेगळ्या कागदावर टिपायचा. सगळे शेरे झाले की कागद उचलायचा. एका गुणाचा फरक असेल तर सोडून द्या, साहेबांचं मत आपल्यापेक्षा वेगळं असू शकतं. दोन किंवा जास्त असेल तर फॉर्म परत. झाकायचं कशाला, तर डोळ्याला आधी ४ दिसला की पुढचं वाक्य आपण सवलतीनं वाचतो. आपल्या नमुन्यात "माहिती नीट देत नाहीत" वाचून कुणीही २ टिपेल, आणि कागदाखाली ४ निघतात. हाच माणूस सहा महिन्यांनी विचारणार, "चार दिले होते की, मग बढतीला नाही का म्हणता?" त्याचं चूक काय?

आता दक्ष आणि घसरण. बघताक्षणी विसंगती वाटते, आणि घाईत यातलं एक वाक्य उडवून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. विसंगतीमागं बऱ्याचदा एक तपशील गाळलेला असतो, कधी, कुठं, कशात. म्हणून विभागप्रमुखांना एकच प्रश्न पाठवायचा: घसरण कोणत्या महिन्यांत आणि किती? समजा उत्तर आलं की जुलै ते सप्टेंबरमध्ये कास्टिंगचं रिजेक्शन ४ टक्क्यांवरून ६ वर गेलं, कारण पावसाळ्यात सीओटू पद्धतीचे कोअर साठवणुकीत ओल धरतात, आणि ओल्या कोअरवर तापलेला धातू ओतला की वाफ आत अडकून कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे पोकळ्या, पडतात. सुपरवायझरने ऑगस्टअखेर रॅकवर तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या, जुने कोअर आधी वापरायला लावले, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आकडा पुन्हा ४ वर आला. म्हणजे दोन्ही वाक्यं खरी होती, फक्त दोन वेगवेगळ्या महिन्यांची. साहेबांनी पुन्हा लिहिलेला शेरा असा होतो:

"जुलै ते सप्टेंबरमध्ये ओल धरलेल्या कोअरमुळे रिजेक्शन नगांच्या हिशेबाने ४ वरून ६ टक्क्यांवर गेले. ऑगस्टअखेर रॅकवर तारखा लावून जुने कोअर आधी वापरण्याची पद्धत सुरू केली, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ते पुन्हा ४ टक्के झाले. पुढील वर्षी ही पद्धत मेअखेरीस सुरू असावी."

"अधिक लक्ष द्यावे" ची गरजच उरली नाही. आणि नेमकं लिहायला बसलं की दुसरीही गोष्ट उघडी पडते: ओल येण्याचं कारण गळकं छप्पर असेल, तर तो दोष सुपरवायझरच्या खात्यावर टाकायचा का? मोघम शेऱ्यात हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसता.

"नगांच्या हिशेबाने" हे दोन शब्द मुद्दाम आहेत. रिजेक्शन नगांवर मोजतात, वजनावरही मोजतात, आणि मोठा नग बाद झाला की दोन्ही आकडे वेगळे येतात. टक्क्यांचा आणखी एक सापळा. कर्मचाऱ्याने स्वतःच्या भागात लिहिलं "रिजेक्शन ३३ टक्क्यांनी कमी केले" आणि साहेबांनी लिहिलं "फक्त २ टक्क्यांनी कमी". दोघेही खोटं बोलत नाहीत, ६ मधले २ गेले म्हणजे एक तृतीयांश गेले. पण सहीच्या वेळी यावरून शब्दाला शब्द लागतो. म्हणून दोन्हीकडे "६ वरून ४" एवढंच लिहून घ्या.

"नेहमी", "कधीच", "वारंवार" या शब्दांभोवती सरसकट गोल करा. "वारंवार उशिरा येतात" असेल तर मस्टर काढा. बारा महिन्यांत पाच वेळा निघालं तर पाच वेळाच लिहायचं, वारंवार आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. "चांगले" हाही असाच निसरडा शब्द. सरकारी नोकरीत बढतीसाठी "अति उत्तम" लागत असताना "चांगला" असा शेरा पडला आणि तो कळवलाच नाही, यावरून देव दत्त यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि २००८ मध्ये कोर्टाने सरकारी कर्मचाऱ्याला प्रत्येक नोंद कळवली पाहिजे असं सांगितलं. खासगी कारखान्याला तो निकाल तसा लागू होत नाही. पण तुमच्या मोजपट्टीवर "चांगले" म्हणजे ३ की ४, हे फॉर्मच्या पहिल्या पानावर छापलेलं असू द्या.

काही मजकूर मात्र नेमका असला तरी ठेवायचा नसतो. आजाराचं नाव, घरातली भांडणं, जात, लग्न ठरलंय का. "प्रसूती रजेमुळे काम मागे पडले" हे वाक्य तर लाल पेनाने परत पाठवा. ती रजा कायद्याने मिळालेली आहे, ती कामगिरीतली उणीव होत नाही. हजर असलेल्या महिन्यांतलं काम मोजा आणि उद्दिष्टही त्याच प्रमाणात कमी करून मोजा.

एवढं झालं की मग खुशाल ऱ्हस्व-दीर्घ बघा. मात्र एक शेरा बदलला की बलस्थानं, सुधारणेचे मुद्दे आणि शेवटची शिफारस हे तीन भाग पुन्हा वाचावे लागतात, कारण जुनं वाक्य तिथं दुसऱ्या रूपात बसलेलं असतं. आपल्या नमुन्यात "सिनियर सुपरवायझर पदासाठी विचार व्हावा" ही शिफारस ४.३० धरून केली होती. ३.७० वर ती टिकते का, हे विभागप्रमुखांनी सहीच्या आधी सांगायचं. कर्मचाऱ्याची सही झाल्यावर काही दुरुस्त करावं लागलंच, तर व्हाइटनर नाही. एक रेघ मारायची, शेजारी नवा मजकूर, दोघांच्या लघुस्वाक्षऱ्या आणि त्या दिवसाची तारीख.