बदललेल्या वेळांवरचा तो मेसेज

"मंडळाची नोटीस मानू नका! दुपारी उत्तरपूजा-आरती अशास्त्रीय आहे, विसर्जन रात्रीच असतं. दहानंतर मिरवणूक बेकायदा, म्हणून घाबरून वेळ बदलली. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे संध्याकाळी सातला अलका टॉकीज चौकात जमा."

पुण्यातल्या आपल्या मंडळाच्या गणपती विसर्जनाबद्दलचा हा मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने सातला निघायचं ठरवलंसुद्धा. तिचं वय बहात्तर आहे, म्हणून हे लिहायलाच हवं.

सगळ्यात घातक शेवटची ओळ आहे. अलका चौकात फक्त लक्ष्मी रस्त्याची रांग येत नाही. कुमठेकर, टिळक आणि केळकर रस्त्यांवरची मंडळंही तिथेच येऊन मिळतात. त्या गर्दीत, ढोलांच्या दणदणाटात फोन ऐकू येत नाही आणि आपलं मंडळ कुठे आहे ते कळत नाही. शिवाय आपला गणपती तिथे सातला असेलच असं कोण सांगणार? गेल्या काही वर्षांत मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालली आहे. पुढचं एखादं पथक चौकात रेंगाळलं की मागची सगळी रांग अडते. म्हणूनच नोटिशीत विसर्जनाची वेळ दिलेली नाही. दिलंय ते एवढंच: आरती तीनला मांडवात, मग जमायचं मंडईत टिळक पुतळ्यापाशी, आणि मार्ग बेलबाग चौक, लक्ष्मी रस्ता, अलका चौक. जमायचं ते जिथून गणपती निघतो तिथे. जिथे तो कधीतरी पोहोचणार आहे, तिथे म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास उभं करायचं नसतं.

दुपारची आरती अशास्त्रीय कशी? उत्तरपूजा विसर्जनाला निघण्याआधी होते. अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हणायचं आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. तिचा संबंध निघण्याशी आहे, अंधाराशी नाही. दगडूशेठ हलवाई गणपती पूर्वी मध्यरात्रीनंतर रांगेत यायचा. २०२३ साली ट्रस्टने दुपारी चारला मिरवणुकीत यायचं ठरवलं आणि त्याच रात्री विसर्जनही झालं. ते चाललं, मग आपल्या गल्लीतल्या मंडळाचंच काय अशास्त्रीय?

दहाच्या नियमात अर्धं खरं आहे, ते मान्य. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक किंवा वाद्यं वाजवता येत नाहीत. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. पण बंदी ध्वनिक्षेपक आणि वाद्यांवर आहे, पालखी किंवा रथ पुढे नेण्यावर नाही.

मंडळाचंही एक चुकलं. नोटीस दोन दिवस आधी लावली आणि कारण लिहिलं नाही, म्हणून अशा मेसेजला जागा मिळाली. कारण साधं आहे: लवकर रांगेत लागलं की लहान मुलं आणि वयस्कर माणसं उजेडात थोडं अंतर चालून घरी परतू शकतात.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकावा. आणि ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी तीनला मांडवातली आरती घ्यावी. चौकात जाऊ नये.