पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा आणि त्याचे बटण

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून आलेला माझा भाचा भाड्याची दुचाकी घेऊन म्हापशाकडे निघाला असताना त्याला एका नाक्यावर थांबवण्यात आले. दंडाचा तालांव कशाबद्दल यावरून वाद झाला, आवाज चढले, आणि भाच्याने पोलिसाच्या छातीवरील कॅमेऱ्याकडे बोट दाखवून "साहेब, रेकॉर्डिंग पाहूया" असे म्हटल्यावर बॅटरी संपली आहे, असे उत्तर मिळाले. बॅटरी खरोखरच संपली असेल, तसे होत असते. मात्र त्या दिवसापासून, कॅमेऱ्यामुळे पोलिसांची वागणूक खरोखर सुधारते का, या प्रश्नावर झालेले अभ्यास मी शक्य तेवढे वाचले, आणि त्यातून बनलेले माझे मत येथे सविस्तर मांडतो आहे.

कॅमेऱ्यांच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो कॅलिफोर्नियातील रियाल्टो या लहान शहरातला आहे. तेथे फेब्रुवारी 2012 पासून वर्षभर 54 पोलिसांच्या 988 पाळ्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटल्या गेल्या. 489 पाळ्यांत पोलिसांनी कॅमेरा लावला, 499 पाळ्यांत लावला नाही. वर्ष संपले तेव्हा नागरिकांच्या तक्रारी आदल्या वर्षीच्या 24 वरून 3 वर आल्या होत्या आणि बळाच्या वापराच्या घटना 61 वरून 25 वर आल्या होत्या. हेच आकडे जगभर फिरले. परंतु ही तुलना आदल्या वर्षाशी आहे आणि त्या काळात ठाण्यात इतरही बदल होत असू शकतात. प्रयोगाचा खरा कस त्याच वर्षातील दोन प्रकारच्या पाळ्यांच्या तुलनेत आहे. त्या 25 घटनांपैकी 17 कॅमेऱ्याविना झालेल्या पाळ्यांत घडल्या आणि 8 कॅमेऱ्यासह झालेल्या पाळ्यांत, म्हणजे साधारण 29 पाळ्यांमागे एक आणि 61 पाळ्यांमागे एक. हा फरक मोठाच आहे, पण तो मोजक्या घटनांवर उभा आहे, आणि तक्रारी तर वर्षभरात इन मिन तीन असल्यामुळे त्यांची अशी विभागणी करून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय तोच पोलीस आज कॅमेरा लावून आणि उद्या न लावता गस्त घालत होता, त्यामुळे एका पाळीतली सवय दुसऱ्या पाळीत उतरली असणार हे उघड आहे.

पुढे वॉशिंग्टन शहराच्या पोलीस दलात जून 2015 ते डिसेंबर 2016 या काळात याहून कितीतरी मोठा प्रयोग झाला. त्यात 2,224 पोलिसांची विभागणी पाळीनुसार न करता व्यक्तीनुसार केली गेली, म्हणजे एकाला कॅमेरा मिळाला तर तो त्याच्याकडेच राहिला. येथे बळाचा वापर आणि तक्रारी या दोन्हींत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळलाच नाही. कॅमेरेवाल्या सहकाऱ्यासोबत फिरणारा बिनकॅमेऱ्याचा पोलीसही सावरून वागला असेल आणि म्हणून फरक झाकला गेला असेल, अशी शंका कोणीही घेईल, आणि अभ्यासकांनीही ती घेतली होती. पण तसे असते तर कॅमेरे आल्यानंतर संपूर्ण दलाचेच आकडे खाली यायला हवे होते, आणि तशी घसरण दिसली नाही. लास वेगासमधल्या प्रयोगात मात्र तक्रारी आणि बळाचा वापर दोन्ही कमी झाले. म्हणजे यंत्र साधारण तेच, पण शहर बदलले की निष्कर्ष बदलतो.

असे का होत असावे, याचा मला सर्वांत पटलेला धागा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा प्रयोग एकत्र करून केलेल्या अभ्यासात आहे. सगळे प्रयोग एकत्र पाहिले तर बळाच्या वापरावर परिणाम शून्यच. पण अभ्यासकांनी पुढचा प्रश्न विचारला: कॅमेऱ्याचे बटण कोणाच्या मर्जीवर होते? जेथे पोलिसांनी नियम पाळून समोरच्याशी बोलणे सुरू होताच कॅमेरा चालू केला आणि रेकॉर्डिंग होत आहे असे त्याला सांगितले, तेथे बळाचा वापर 37 टक्क्यांनी कमी झाला. जेथे केव्हा चालू करायचा हे पोलिसाने स्वतः ठरवले, तेथे तो 71 टक्क्यांनी वाढला. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोण नियम पाळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, त्यामुळे मुळातच शिस्तीचे ठाणे नियमही पाळते आणि हातही कमी उगारते, असेही असू शकेल. तरीही कारण समजण्यासारखे आहे. कॅमेरा सुरुवातीपासून चालू असेल आणि तसे दोघांनाही ठाऊक असेल, तर दोघेही शब्द जपून वापरतात. वाद पेटल्यावर बटण दाबले, तर चित्रीकरणात फक्त समोरच्याचा संताप उरतो आणि तो कशाने उसळला ते राहून जाते.

तक्रारींच्या बाबतीत आपल्याकडे वेगळीच अडचण आहे. अनेक ठिकाणच्या अभ्यासांत बळाच्या वापरापेक्षा तक्रारींमधली घट अधिक सातत्याने दिसते, पण त्याचा अर्थ लावणे सोपे नाही. पोलीस नीट वागू लागला म्हणूनही तक्रार घटते, आणि चित्रीकरण आहे असे ऐकून माणूस खरी तक्रारही मागे घेतो. गोव्यात तर नाक्यावर थांबवलेला पर्यटक दोन दिवसांत बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याला परततो. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे हेच त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी सुनावणीसाठी तो पुन्हा पणजीला येणार नाही. माझ्या भाच्यानेही तक्रार केली नाही. त्यामुळे उद्या कोणी तक्रारी निम्म्या झाल्याचे सांगून कॅमेऱ्यांचे यश जाहीर केले, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

माझ्या मते आपल्याकडे मोजण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती मोजण्यासाठी परदेशी अभ्यासकांची गरज नाही. यंत्रावर दिलेल्या प्रत्येक तालांवाची तारीख आणि वेळ नोंदवली जाते, आणि कॅमेऱ्यातील प्रत्येक चित्रफितीवरही तारीख आणि वेळ असते. एका महिन्याचे तालांव घ्यावेत, त्यांतले शंभर कोणतीही निवड न करता उचलावेत, आणि प्रत्येकाच्या वेळेची चित्रफीत आहे का हे पाहावे. असेल, तर ती वाहन थांबवण्याच्या आधी सुरू झालेली आहे की बोलणे अर्ध्यावर आल्यावर, हे पाहावे. शंभरांपैकी चाळीसच चित्रफिती सापडल्या, तर ते कॅमेरे केवळ गणवेशाचा भाग झाले आहेत असे समजावे. ज्या साठ सापडल्या नाहीत त्या ठरावीक नाक्यांवरच्या किंवा ठरावीक पाळ्यांच्या निघाल्या, तर बॅटरीचे कारण पुढे करता येणार नाही, कारण बॅटरी माणूस पाहून संपत नाही.

चित्रफीत किती काळ ठेवली जाते हा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणात, शक्य असल्यास 18 महिने आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही, इतका काळ साठवण असावी असे सांगितले. तो आदेश ठाण्यांच्या कॅमेऱ्यांबद्दल आहे, छातीवरच्या नव्हे, पण तक्रार करायला माणसाला किती वेळ लागतो याचा विचार त्यामागे दिसतो. गावी परतलेल्या पर्यटकाने पंधरा दिवसांनी पत्र लिहावे आणि तोवर चित्रफीत पुसली गेलेली असावी, तर छातीवरचा तो कॅमेरा त्याच्या काहीच कामाचा नव्हता.

म्हणून या आठवड्यात मी माहिती अधिकाराखाली तीन प्रश्नांचा अर्ज देणार आहे: कॅमेरा केव्हा चालू करायचा याचा लेखी आदेश काय आहे, चित्रफिती किती दिवस ठेवल्या जातात, आणि गेल्या तीन महिन्यांत तालांवांच्या तुलनेत चित्रफिती किती आहेत. उत्तर आले की येथेच टाकतो.