एका फोटोतला स्टँड आणि चारशे फोटोंची बॅच

"कार्यक्रमाच्या चारशे फोटोंमधला स्टँड एकेक करून पुसत बसू नका. एका फोटोत पुसताना फोटोशॉपमध्ये ॲक्शन रेकॉर्ड करा, Batch मध्ये Save and Close निवडा, पाच मिनिटांत काम फत्ते. कॅमेरा हलला असला तरी सॉफ्टवेअर स्टँड बरोबर ओळखतं आणि मागचा पडदा परत आणतं. मूळ फोटोंना धक्का लागत नाही."

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला नसता, तर मी त्याकडे दुर्लक्षच केले असते. सोसायटीच्या बक्षीस समारंभाचे फोटो त्याने काढले होते आणि मंचाच्या डाव्या कडेचा स्पीकरचा काळा स्टँड बहुतेक फोटोंत आला होता. रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला: "मामा, बक्षीस घेणाऱ्या मुलीचा हातच गेला."

हात जाणारच होता, कारण ॲक्शनमध्ये, म्हणजे पुन्हा चालवण्यासाठी नोंदवलेल्या कृतींच्या मालिकेत, स्टँड नोंदवला जात नाही, चौकट नोंदवली जाते. डावीकडून ३०० ते ७०० पिक्सेलच्या पट्ट्यात तुम्ही निवड केली, तर प्रत्येक फोटोत तोच पट्टा निवडला जाईल, मग तिथे स्टँड असो, पडदा असो की माणूस. मापाचे एकक टक्क्यांत ठेवले तर लहानमोठ्या आकाराच्या फोटोंपुरती सोय होते, पण सरकलेल्या स्टँडचा पाठलाग काही होत नाही. फुलफ्रेम कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो धरला, तर कॅमेरा एक अंश वळताच दृश्य सुमारे १४५ पिक्सेल सरकते. म्हणजे हातात धरलेला कॅमेरा जेमतेम तीन अंश वळला, तरी ४०० पिक्सेलच्या चौकटीतून स्टँड पूर्ण बाहेर जातो. उभ्या फोटोंचे काय होते, हे सांगण्याची गरजच नाही.

मागचा पडदा परत आणण्याची गोष्ट तर निव्वळ कल्पनाविलास आहे. पुसलेली जागा फोटोशॉप ज्या Content-Aware भरणीने बुजवते, तिच्यामागे जे तंत्र आहे, ते २००९ साली बार्न्स, शेक्टमन, फिंकेलस्टीन आणि गोल्डमन यांनी पॅचमॅच या नावाने मांडले. त्याचे काम असे की, रिकाम्या जागेच्या कडांशी जुळणारे छोटे तुकडे त्याच फोटोत इतरत्र शोधायचे आणि तिथे चिकटवायचे. स्टँडच्या मागे खरोखर काय होते, हे त्याला ठाऊक नसते. शेजारच्या फोटोत ती जागा मोकळी दिसत असली तरी तो फोटो ते पाहत नाही. त्यामुळे एका फोटोत पडद्याच्या तीन चुण्या येतात, पुढच्यात झेंडूच्या माळेचा तुकडा येतो आणि स्टँडला खेटून कोणी उभे असेल तर त्याच्या बाहीचीच नक्कल पडद्यावर उमटते. सुटा फोटो पाहताना हे खपून जाते. अल्बममध्ये एकापाठोपाठ एक पाहताना मात्र मागची भिंत दर पानाला बदलत असल्याचे लगेच कळते.

सगळ्यात घातक भाग त्या मजकुराच्या शेवटच्या वाक्यात आहे: मूळ फोटोंना म्हणे धक्का लागत नाही. Save and Close म्हणजे त्याच नावाने, त्याच जागी फाइल लिहून बंद करणे. फाइल बंद झाली की मागे फिरण्याची वाटही बंद होते, आणि चौकटीबाहेरचा न बदललेला भागही जेपेगमध्ये पुन्हा दाबला जातो. रॉ फाइलींवर असे लिहिले जात नाही, पण समारंभाचे फोटो काढणाऱ्या हौशी मुलांकडे बहुधा जेपेगच असतात. बॅच लावायचीच असेल तर Folder निवडून वेगळे फोल्डर द्यावे. एवढेसे लिहायला त्या उपदेशकाला काय अडचण होती, कोण जाणे.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. सेन्सरवर धूळ बसली असेल, तर डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो आणि लाइटरूममध्ये एका फोटोवरची दुरुस्ती बाकीच्यांवर नेणे बऱ्यापैकी जमते. कॅमेरा ट्रायपॉडवर अजिबात न हलता असेल तर स्टँडच्या बाबतीतही मार्ग आहे, पण तो भरणीचा नव्हे. कार्यक्रमाआधी स्टँड बाजूला करून, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हाताने पक्के करून, रिकाम्या मंचाचा एक फोटो घ्यायचा. तो प्रत्येक फोटोवर लेयर म्हणून ठेवून, स्टँड आणि त्याची सावली एवढ्याच भागापुरता मास्क उघडा ठेवायचा, म्हणजे वरचा रिकामा मंच तेवढ्याच जागी दिसतो. हे बॅचने होते. स्टँडच्या पुढून कोणी गेले असेल त्या फोटोत मात्र मास्कवर काळा ब्रश फिरवून ते माणूस हातानेच परत आणावे लागते. मंचावरचे रंगीत दिवे बदलत असतील तर जोड उघडा पडतो.

भाच्याचे कार्ड अजून फॉरमॅट झालेले नव्हते, म्हणून मूळ फोटो मिळाले. मंडळाला द्यायचे निवडले तेव्हा ते ३८ भरले. त्यातल्या २१ फोटोंत डावी कड कापताच स्टँड गेला, ९ मध्ये तो मुळातच नव्हता आणि उरलेले ८ आम्ही हाताने केले.